यादीत नॅन आणि उणे शून्य असताना क्रम कसा लावावा

सप्टेंबर २०२४ मध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची १.८१ ही आवृत्ती आली आणि तिच्यातील क्रम लावण्याची, म्हणजेच सॉर्टिंगची, यंत्रणा नव्याने लिहिली गेली. या नव्या यंत्रणेला तुलनेचे नियम मोडलेले आढळले, तर ती प्रोग्रॅम थेट थांबवू शकते. वर्षानुवर्षे बिनबोभाट चालणारा प्रोग्रॅम आवृत्ती बदलताच मध्येच थांबला, तर दोष नव्या आवृत्तीचा आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात असा प्रोग्रॅम आधीपासूनच चुकीचा क्रम देत असतो, फक्त ते कोणाच्या लक्षात आलेले नसते. दशांश संख्यांच्या बाबतीत अशा चुकीच्या मुळाशी बहुतेक वेळा नॅन ही किंमत सापडते, आणि त्याहून अधिक छुपी अशी दुसरी एक चूक उणे शून्यामुळे होते. या दोन किमती काय आहेत, त्यांच्यामुळे क्रम नेमका कोठे बिघडतो आणि तो बिघडू नये म्हणून काय करावे, हे आता पाहू.

## या दोन किमती येतात कोठून

संगणक दशांश संख्या साधारणतः ६४ बिटांत साठवतो. त्यांपैकी एक बिट चिन्हाचा असतो, ११ बिट घातांकाचे असतात आणि उरलेल्या ५२ बिटांत संख्येचे मुख्य अंक असतात. या पद्धतीला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात. तिचे नियम १९८५ मध्ये आयईईई ७५४ या मानकाने ठरवले आणि ते घडवण्यात विल्यम काहान या गणितज्ञांचा मोठा वाटा होता. आज आपण वापरतो ते जवळजवळ प्रत्येक यंत्र हेच मानक पाळते.

काही गणितांना उत्तरच नसते. शून्याला शून्याने भागले किंवा अनंतातून अनंत वजा केले, तर कोणतीही संख्या उत्तर म्हणून देता येत नाही. अशा वेळी मानकाप्रमाणे एक विशेष किंमत मिळते, जी पडद्यावर `NaN` अशी दिसते आणि जिचा अर्थ ‘ही संख्या नाही’ असा आहे. पुढे तिला नॅन म्हणू. डेटा हाताळणाऱ्या कित्येक साधनांत, उदाहरणार्थ पायथनमधील पांडाजमध्ये, न मिळालेल्या नोंदीच्या जागीही नॅनच ठेवला जातो. त्यामुळे प्रत्यक्षातल्या फायलींत नॅन येतो तो अवघड गणितामुळे कमी आणि रिकाम्या रकान्यामुळे अधिक.

उणे शून्य त्याहून साधे आहे. चिन्हाचा बिट वेगळा ठेवलेला असल्यामुळे शून्यालाही चिन्ह मिळते. −०.०४ ही संख्या एका दशांश स्थळापर्यंत पूर्णांकित केली की उत्तर −०.० येते, आणि शून्याला −१ ने गुणले तरी तेच येते. ही चिन्हाची खूण निरर्थक नाही. एखादी ऋण संख्या इतकी लहान झाली की ती साठवताच येत नाही, तेव्हा ती कोणत्या बाजूने शून्याकडे आली एवढे तरी उणे शून्य सांगते. १ ला ०.० ने भागल्यास धन अनंत मिळते, तर −०.० ने भागल्यास ऋण अनंत मिळते.

तुलनेच्या वेळी मात्र मानक या दोघांना अगदी वेगळी वागणूक देते. ०.० आणि −०.० यांचे बिट निराळे असूनही ते एकमेकांच्या बरोबर मानले जातात. नॅनचे त्याच्या उलट आहे: तो कोणापेक्षाही लहान नाही, कोणापेक्षाही मोठा नाही आणि कोणाच्याही बरोबर नाही, इतका की तो स्वतःच्याही बरोबर नाही. `x != x` ही तुलना ज्या किमतीसाठी खरी ठरते अशी तीच एक किंमत आहे, आणि म्हणूनच नॅन ओळखण्यासाठी ही तुलना दीर्घकाळ वापरली गेली आहे.

## क्रम लावण्यासाठी तुलनेकडून काय अपेक्षित असते

क्रम लावणारा प्रोग्रॅम प्रत्येक जोडीची तुलना कधीच करत नाही. दहा लाख नोंदी असतील, तर सुमारे पन्नास हजार कोटी जोड्या होतात, आणि एवढ्या तुलना करणे परवडणारे नसते. तो थोड्या तुलना करतो आणि बाकीच्यांचा निष्कर्ष काढतो. अ हा ब पेक्षा लहान आहे आणि ब हा क पेक्षा लहान आहे असे कळले, की अ आणि क यांना समोरासमोर न आणताच तो अ ला आधी ठेवतो. हा निष्कर्ष बरोबर ठरण्यासाठी तुलनेने काही नियम पाळलेच पाहिजेत. कोणतीही किंमत स्वतःपेक्षा लहान ठरता कामा नये. अ हा ब पेक्षा आणि ब हा क पेक्षा लहान असेल, तर अ हा क पेक्षा लहान असलाच पाहिजे. तिसरा नियम बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: अ आणि ब यांत कोणीच लहान नसेल आणि ब व क यांतही कोणीच लहान नसेल, तर अ आणि क यांतही कोणी लहान असता कामा नये. म्हणजे ‘दोघांत फरक नाही’ हा निर्णयसुद्धा एकाकडून दुसऱ्याकडे सुरक्षित पोहोचला पाहिजे.

नॅन पहिले दोन नियम मोडत नाही. तो कोणापेक्षाही लहान नसल्यामुळे त्याच्याविरुद्ध तक्रार करायला तेथे जागाच नसते. तो तिसरा नियम मोडतो. १ आणि नॅन यांत कोणी लहान नाही, नॅन आणि २ यांतही कोणी लहान नाही, आणि तरीही १ हा २ पेक्षा लहान आहे.

शाळेच्या मैदानावर मुलांना उंचीनुसार रांगेत उभे करायचे आहे आणि शिक्षक प्रत्येक नव्या मुलाला त्याच्या डावीकडच्या मुलाशेजारी उभे करून एकच प्रश्न विचारतात, की हा त्याच्यापेक्षा बुटका आहे का. उत्तर ‘हो’ असेल, तर मुलगा एक जागा डावीकडे सरकतो आणि प्रश्न पुन्हा विचारला जातो, आणि ‘नाही’ असेल, तर तो तेथेच थांबतो. आता रांगेत असा एक मुलगा आहे, की तो समोर असला की उत्तर नेहमीच ‘नाही’ येते. उजवीकडून आलेले प्रत्येक बुटके मूल त्याच्यापाशी पोहोचले की थांबते आणि त्याच्या डावीकडे उंच मुले उभी आहेत हे कोणाला कळतच नाही. रांगेच्या मध्ये जणू भिंत उभी राहते आणि एका रांगेच्या दोन स्वतंत्र रांगा होतात.

## पाच संख्यांचे उदाहरण

हीच पद्धत एका छोट्या यादीवर चालवून पाहू. यादी आहे ४.२, नॅन, १.५, −०.३, २.८. पहिली संख्या जागेवर आहे. नॅन हा ४.२ पेक्षा लहान आहे का, याचे उत्तर ‘नाही’, म्हणून तो दुसऱ्या जागी राहिला. १.५ हा नॅनपेक्षा लहान आहे का, याचेही उत्तर ‘नाही’, म्हणून १.५ तिसऱ्या जागी राहिला. −०.३ हा १.५ पेक्षा लहान आहे, म्हणून तो एक जागा डावीकडे सरकला, पण पुढे नॅन आडवा आला आणि तो तेथेच थांबला. शेवटी २.८ हा १.५ पेक्षा लहान नसल्यामुळे हललाच नाही. हाती आलेली यादी अशी आहे: ४.२, नॅन, −०.३, १.५, २.८.

कोणतीही त्रुटी दाखवली गेली नाही आणि कोणताही इशारा मिळाला नाही, पण या यादीवर विसंबून केलेले पुढचे प्रत्येक काम चुकते. क्रम लागलेला आहे असे समजून शेवटची संख्या कमाल म्हणून उचलली, तर २.८ मिळते, प्रत्यक्षात कमाल ४.२ आहे. मधली संख्या मध्यक म्हणून घेतली, तर −०.३ मिळते, वास्तविक चार खऱ्या संख्यांचा मध्यक २.१५ आहे. आणि द्विभाजन शोध, म्हणजे दर वेळी मधली संख्या पाहून अर्धी यादी सोडून देण्याची पद्धत, ४.२ शोधण्यासाठी वापरली, तर ती −०.३ पाहून उजवीकडे वळते आणि ४.२ यादीत नाही असे खुशाल सांगते.

पायथनमध्येही असेच घडते, आणि एकाच तीन किमतींचे उत्तर त्या कोणत्या क्रमाने दिल्या यावर अवलंबून राहते:

```python
nan = float("nan")
sorted([3.0, nan, 1.0])   # [3.0, nan, 1.0]
sorted([1.0, 3.0, nan])   # [1.0, 3.0, nan]
```

पहिल्या यादीत शेजारच्या दोन्ही तुलनांचे उत्तर ‘लहान नाही’ असे आल्यामुळे यादी आधीच क्रमात आहे, असा पायथनचा समज होतो आणि तो ती जशीच्या तशी परत देतो. त्याच नोंदी दुसऱ्या क्रमाने आल्या की निकाल वेगळा लागतो, हे या दोषाचे सर्वांत भरवशाचे लक्षण आहे. शंका आली तर यादी फिरवून पुन्हा क्रम लावावा आणि दोन्ही निकाल ताडून पाहावेत.

## ‘तुलना जमली नाही तर बरोबर समजा’ हा उपाय का चालत नाही

रस्टमध्ये दशांश संख्यांची तुलना `partial_cmp` या फंक्शनने केली, तर नॅन समोर आल्यावर उत्तरच मिळत नाही, आणि उत्तर नसल्याची ही बाब भाषा लपवत नाही. मग पुष्कळ जण पुढील ओळ लिहितात:

```rust
v.sort_by(|a, b| a.partial_cmp(b).unwrap_or(Ordering::Equal));
```

उत्तर नसेल तर दोन्ही किमती बरोबर समजाव्यात, असा या ओळीचा अर्थ आहे. प्रोग्रॅम संकलित होतो, लहान चाचण्यांत नीट चालतो आणि लिहिणाऱ्याचे समाधान होते. पण यामुळे नॅन १ च्याही बरोबर ठरतो आणि २ च्याही, म्हणजे वर पाहिलेला तिसरा नियम आता आपणच लेखी स्वरूपात मोडला. सुरुवातीला सांगितलेला प्रोग्रॅमचा थांबा अशाच ओळींमुळे येऊ शकतो.

जावास्क्रिप्टमध्ये हीच चूक `a - b` एवढ्या छोट्या रूपात येते. वजाबाकीत एक जरी नॅन असला तरी उत्तर नॅन येते, आणि भाषेच्या नियमानुसार तुलनेचे उत्तर नॅन आले तर ते शून्य, म्हणजे ‘बरोबर’, मानले जाते. जावामध्ये लहान असेल तर −१, मोठा असेल तर १ आणि एरवी ० असे हाताने लिहिलेले फंक्शन नेमके हेच करते. जावाची क्रम लावणारी यंत्रणा कधी कधी ते पकडते आणि `Comparison method violates its general contract!` असा संदेश देऊन थांबते, पण हा संदेश क्रमात लागलेले दोन तुकडे एकत्र जोडताना विसंगती दिसली तरच येतो. ३२ पेक्षा कमी नोंदींच्या यादीत असे तुकडे जोडलेच जात नाहीत. त्यामुळे दहा-वीस नोंदींच्या चाचणीत सर्व काही सुरळीत दिसते आणि खरी फाईल आली की प्रोग्रॅम कोसळतो, तोही दर वेळी नाही. सी प्लस प्लसमध्ये परिस्थिती आणखी कठीण आहे. तेथे तुलनेचे नियम मोडल्यास काय होईल याची मानक कोणतीच हमी देत नाही, आणि यादीच्या हद्दीबाहेरची स्मृती वाचली जाणेही त्यात येते.

## मग सरळ बिटांच्या क्रमाने का लावू नये

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्यामागची युक्ती सुंदर आहे. दशांश संख्येचे ६४ बिट एक पूर्णांक म्हणून वाचले, तर धन संख्या आपोआप योग्य क्रमात येतात, कारण घातांक आधी आणि अंक नंतर अशीच त्यांची मांडणी आहे. ऋण संख्या मात्र उलट्या क्रमात येतात आणि धन संख्यांच्या नंतर पडतात. म्हणून चिन्हाचा बिट १ असेल तर सर्व बिट उलटे करायचे, आणि ० असेल तर फक्त चिन्हाचा बिट उलटा करायचा. मिळालेल्या पूर्णांकांचा क्रम हाच दशांश संख्यांचा क्रम होतो. या पद्धतीत −०.० चे रूपांतर `0x7FFFFFFFFFFFFFFF` होते आणि ०.० चे `0x8000000000000000`, म्हणजे दोन्ही शून्ये अगदी शेजारी येतात आणि उणे शून्य आधी लागते. नॅनलाही बिट असतातच, त्यामुळे त्यालाही ठरलेली जागा मिळते. आयईईई ७५४ च्या २००८ च्या आवृत्तीत असा संपूर्ण क्रम अधिकृतपणे दिला आहे, आणि रस्टमध्ये तो `total_cmp` या नावाने २०२२ पासून उपलब्ध आहे.

तुलनेचे सर्व नियम यात पाळले जातात. तरीही तो जसाच्या तसा वापरण्याआधी थांबावे, असे माझे मत आहे. नॅनलाही चिन्हाचा बिट असतो, आणि या क्रमात ऋण चिन्हाचा नॅन ऋण अनंताच्याही आधी, तर धन चिन्हाचा नॅन धन अनंताच्याही नंतर लागतो. शून्याला शून्याने भागल्यावर कोणत्या चिन्हाचा नॅन मिळतो, हे यंत्रावर अवलंबून असते. इंटेलच्या नेहमीच्या प्रोसेसरवर तो ऋण चिन्हाचा असतो आणि एआरएमच्या प्रोसेसरवर धन चिन्हाचा. म्हणजे तोच प्रोग्रॅम तोच डेटा घेऊन लॅपटॉपवर चालवला तर नॅन यादीच्या आरंभी येतील आणि मोबाईलवर चालवला तर अखेरीस. दोन्ही याद्या नियमांनुसार निर्दोष असतील, पण पहिल्या दहा नोंदी घेणारा अहवाल दोन ठिकाणी दोन प्रकारचा दिसेल. यावर उपाय सोपा आहे: क्रम लावण्याआधी प्रत्येक नॅनच्या जागी एकाच ठरलेल्या धन चिन्हाचा नॅन ठेवावा.

## उणे शून्याने नेमके काय बिघडते

नॅनची जागा पक्की झाली, की शून्याकडे दुर्लक्ष होते, कारण ०.० आणि −०.० यांना बरोबर मानूनही क्रम नीट लागतो आणि वेगळे मानूनही नीट लागतो. तुलनेचे नियम दोन्ही पद्धतींत शाबूत राहतात. बिघाड होतो तो एका ठिकाणी एक पद्धत आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरी पद्धत वापरल्यावर.

समजा, ठिकाणांच्या तापमानाचा सरासरीपासूनचा फरक एका दशांश स्थळापर्यंत नोंदवला आहे आणि यादी आधी फरकानुसार व फरक सारखा असल्यास नावानुसार लावायची आहे. नाशिकचा फरक −०.८ आहे, पैठणचा −०.०४ होता आणि पूर्णांकनानंतर −०.० झाला, तर अकोल्याचा ०.०३ होता आणि ०.० झाला. संपूर्ण क्रमाने यादी लावली, तर उणे शून्य आधी येते आणि नावापर्यंत तुलना पोहोचतच नाही. यादी होते नाशिक, पैठण, अकोला. अहवालात पैठण आणि अकोला या दोन्हींपुढे, चिन्ह न दाखवणारा आराखडा असेल तर, ०.० असेच छापले जाते, आणि वाचणाऱ्याला फरक सारखा असूनही नावे उलट्या क्रमाने का आली याचा उलगडा होत नाही.

हे केवळ दिसण्यापुरते राहिले तर फारसे नुकसान नाही. पण हीच यादी पुढे अशा प्रोग्रॅमकडे गेली, की जो दोन्ही शून्ये बरोबर मानतो आणि त्यानंतर नावे पाहतो, तर तो अकोल्याची नोंद द्विभाजन पद्धतीने शोधताना प्रथम मधली नोंद, म्हणजे पैठण, पाहील. त्याच्या दृष्टीने फरक सारखा आहे आणि अकोला हे नाव पैठणच्या आधी येते, म्हणून तो डावीकडे वळेल, तेथे फक्त नाशिक सापडेल आणि अकोल्याची नोंद नाही असे उत्तर देईल. नोंद यादीतच आहे, दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि तरीही ती सापडत नाही.

हा विरोधाभास एकाच भाषेतही आढळतो. जावामध्ये `==` वापरल्यास दोन्ही शून्ये बरोबर ठरतात, पण `Double.compare` उणे शून्याला लहान ठरवते आणि `Double` चे `equals` त्यांना वेगळे मानते. त्यामुळे `HashMap` मध्ये ही दोन शून्ये दोन वेगळ्या किल्ल्या बनतात, आणि गटवार बेरीज करताना शून्याचे दोन गट तयार होतात.

बहुतांश कामांत उणे शून्याचे चिन्ह कोणालाच नको असते. तसे असेल तर डेटा आत घेतानाच ते पुसून टाकावे. प्रत्येक संख्येत ०.० मिळवले की काम होते, कारण −०.० अधिक ०.० याचे उत्तर मानकाच्या नेहमीच्या पूर्णांकन नियमानुसार ०.० येते आणि इतर कोणत्याही संख्येत बदल होत नाही. ज्या थोड्या गणितांना चिन्हाची गरज असते, उदाहरणार्थ दिशेचा कोन काढताना, तेथे मात्र ते जपावे आणि मग सर्वत्र दोन्ही शून्ये वेगळीच मानावीत.

## प्रत्यक्ष लिहायचे कसे

पायथनमध्ये सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक किमतीसाठी एक जोडी तयार करणे. जोडीतील पहिला अंक ही किंमत नॅन आहे की नाही ते सांगतो आणि दुसरा खरी संख्या देतो:

```python
import math

def kram(x):
    if math.isnan(x):
        return (1, 0.0)
    return (0, x)

sorted(yadi, key=kram)
```

सर्व नॅन शेवटी जातात आणि आपापसांत मूळ क्रमाने राहतात, कारण त्यांच्या जोड्या एकसारख्या आहेत आणि पायथनची क्रमवारी सारख्या नोंदींचा आधीचा क्रम बदलत नाही. नॅनशी थेट तुलना कोठेच होत नाही, ही यातील महत्त्वाची गोष्ट आहे. नावासारखा दुसरा निकष हवा असेल, तर तो जोडीत तिसरा घटक म्हणून येतो, आणि पायथन दोन्ही शून्ये बरोबर मानत असल्यामुळे वरच्या उदाहरणात अकोला पैठणच्या आधी येतो.

प्रत्येक तुलनेत नॅनची तपासणी केल्यास वेग कमी होईल, अशी शंका येते. ती टाळण्याचा मार्ग जावाच्या ग्रंथालयात पाहायला मिळतो. दशांश संख्यांची साधी यादी लावताना ते आधी एका फेरीत सर्व नॅन उचलून शेवटी नेते, मग उरलेल्या संख्यांचा क्रम साध्या ‘लहान आहे का’ या तुलनेने लावते आणि अखेरीस शून्यांच्या पट्ट्यात उणे शून्ये पुढे ठेवते. एक अतिरिक्त फेरी लागते, पण क्रम लावण्याच्या एकूण कामापुढे ती नगण्य असते.

## नॅन काढूनच टाकले तर?

रिकाम्या नोंदी कामाच्या नसतील, तर जरूर काढाव्यात, पण किती काढल्या ते नोंदवून ठेवावे. मात्र ज्या यादीतील ओळींचा दुसऱ्या रकान्यांशी संबंध असतो, तेथे ओळ गाळल्यास माहिती हरवते. तेथे नॅन कोठे ठेवायचा हे ठरवावेच लागते, आणि निरनिराळ्या साधनांनी ते निरनिराळे ठरवले आहे. नमपाय आणि पांडाज नॅन शेवटी ठेवतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस नॅनला प्रत्येक संख्येपेक्षा मोठा आणि दुसऱ्या नॅनच्या बरोबर मानतो, कारण त्याशिवाय त्याला अनुक्रमणिका बांधता येणार नाही. गो या भाषेचे प्रमाणित ग्रंथालय मात्र नॅन सर्वांत आधी ठेवते. यांपैकी कोणतीही निवड चुकीची नाही. डेटाबेसमधून क्रमाने आलेली यादी गोमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमने पुन्हा क्रम न लावता वापरली, तर मात्र पैठण-अकोल्याचाच प्रकार नव्या रूपात समोर येतो.

## पैशांसाठीचा दशांश प्रकार वापरला तर हा प्रश्न सुटतो का

हिशेबासाठी पायथनमध्ये `Decimal` हा वेगळा प्रकार आहे, आणि तो ०.१ सारख्या संख्या अचूक साठवतो. पण त्यातही नॅन आहे आणि उणे शून्यही आहे. फरक एवढाच, की त्यात नॅनची ‘लहान आहे का’ अशी तुलना केल्यास नेहमीच्या मांडणीत थेट त्रुटी येते, आणि गुपचूप चुकीचा क्रम लागण्यापेक्षा हे कितीतरी बरे. त्याचे `compare_total` हे फंक्शन वापरले तर आणखी एक गोष्ट पुढे येते: ते १२ आणि १२.० यांनाही वेगळे मानते आणि १२.० ला आधी ठेवते. रकमेनुसार आणि मग नावानुसार यादी लावणाऱ्याला हे जवळजवळ कधीच नको असते.

## चाचणी कशी घ्यावी

मोठी यादी घेऊन निकाल डोळ्यांनी तपासण्याचा उपयोग नाही. त्याऐवजी ऋण अनंत, −१, −०.०, ०.०, १, धन अनंत, धन चिन्हाचा नॅन आणि ऋण चिन्हाचा नॅन अशा आठ किमती घ्याव्यात आणि तुलना करणाऱ्या फंक्शनला त्यांच्या प्रत्येक त्रिकुटावर तिन्ही नियम विचारावेत. एकूण ५१२ त्रिकुटे होतात आणि संगणकाला त्यासाठी क्षणभरही लागत नाही. वर पाहिलेली ‘बरोबर समजा’ ही ओळ या चाचणीत ताबडतोब पकडली जाते, कारण −१, नॅन आणि १ हे त्रिकूट तिसरा नियम मोडते.

ही चाचणी त्याच संकलन-पर्यायांसह चालवावी, ज्यांसह खरा प्रोग्रॅम तयार होणार आहे. सी आणि सी प्लस प्लसमध्ये वेगासाठी `-ffast-math` हा पर्याय दिला जातो, आणि तो दिल्यावर यादीत नॅन येणारच नाही असे संकलक गृहीत धरतो. मग `x != x` ही तपासणी, आणि कित्येकदा `isnan` सुद्धा, नेहमी खोटी ठरेल असे समजून संकलक ती काढून टाकू शकतो, आणि उणे शून्य पुसण्यासाठी मिळवलेले ०.० निरुपयोगी समजून तेही वगळतो. कोड वाचताना सर्व खबरदारी जागच्या जागी दिसते, तयार झालेल्या प्रोग्रॅममध्ये मात्र तिच्यापैकी काहीच उरलेले नसते.